सहाव्या जागेचा शब्द

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शब्द निवडणं. पुंडलिकनगरच्या घरात, दुपारी, जेवणाच्या टेबलावर. ती मेथी निवडत होती आणि मी तिच्या लॅपटॉपवरचं वाचून दाखवत होतो.

ती कॉलेजात इतिहास शिकवायची. मी सातवी नापास, ग्रंथालयात शिपाई. रिटायर झाल्यावर तिनं गंगापूरकडची गावं फिरून नारूवर पेपर लिहिला. नारू म्हणजे पायातून निघणारा तो दोरीसारखा किडा. आमच्या लहानपणी बारवेचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यालं की व्हायचा. माझ्या नडगीवर त्याचा वण आहे. पेपरात मी 'माहिती देणारा क्रमांक सात' आहे. नाव नाय.

पेपर छापायला घेतला होता. संपादकाचा मेल आलेला: प्रूफ उद्या दुपारी बारापर्यंत परत पाठवा, कीवर्ड्स, म्हणजे पेपर शोधायला लागणारे शब्द, सहाच द्या, शीर्षकातले शब्द पुन्हा नकोत, निम्मे तरी ठरलेल्या विषययादीतले घ्या. शीर्षकात 'गिनी वर्म', म्हणजे नारूचं इंग्रजी नाव, आणि 'गंगापूर' आधीच होतं. तिनं उत्तर लिहून ठेवलं होतं: त्या रोगाचं जड डॉक्टरी नाव, पाणीपुरवठा, बारव, मराठवाडा, मौखिक इतिहास, इतिहास. सगळं इंग्रजीत.

मी म्हणालो, "यात नारू कुठाय?"

"आत पेपरात आहे की."

"आतलं कोण बघतंय? पुष्कळ ठिकाणी पेपरचं नाव, सारांश अन् हे सहा शब्द एवढंच तपासतात, असं तूच सांगितलंस. सारांशात तरी आहे का?"

"नाय."

"मग? गावचं पोरगं शिकलं अन् शोधायला बसलं, तर ते डॉक्टरी नाव टाकील का?"

"अहो, शोधणाऱ्याला सापडायला पाहिजे. तुम्हाला बरं वाटायला नाय." मेथीची काडी माझ्याकडं फेकून म्हणाली, "अन् नुसतं नारू टाकून बघा काय येतंय ते."

मी बघितलं. जपानीत नारू असा शब्द आहे, त्यावरचे लेख आले, कुणाकुणाची आडनावं आली. ती पोट धरून हसली. "घ्या तुमचा नारू!"

पण मी जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांच्या कार्डांचे ड्रॉवर ओढले होते. तिथं 'पाहा' कार्डं असायची. माणसानं भलत्या नावानं शोधलं, तर ते कार्ड बरोबर नाव सांगायचं. मी विचारलं, "तुझ्या यादीत नारूचं 'पाहा' कार्ड आहे का?"

ती म्हणाली, तशी सोय आहे. गिनी वर्म टाकलं तरी यादी डॉक्टरी नावावर नेते. मग हात पुसून तिनं स्वतः नारू शोधलं. यादीत नव्हतं. 

"उद्या सकाळी बघू," म्हणाली. "डोकं शांत असलं की." मेथी उचलून आत गेली.

संध्याकाळी चहा गाळताना ती ओट्यापाशीच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

तेव्हापासून या घरात मला नीट एकटं राहता येत नाय. टेबलापाशी बसलो की आतून भाजी खुडल्याचा आवाज येतो. उठून बघतो. ओटा कोरडा असतो. परत बसलो की मागून ती विचारते, "काय काढलंत?" रागानं नाय विचारत. रागानं विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माणसं जमली होती. तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. मी टेबलापाशी जाऊन लॅपटॉप उघडला. तिची धाकटी बहीण दारात येऊन म्हणाली, "दाजी, लाज वाटू द्या. बाहेर ताई पडलीय अन् तुम्ही हे काय घेऊन बसलात?"

"तिचंच काम आहे," मी म्हणालो. "बारापर्यंतच मुदत आहे."

बहीण रडत गेली. मी सहा शब्द पुन्हा वाचले. पाठवायचे होते ते तिचेच, जसेच्या तसे. बदललं तर ती आता नाय म्हणू शकत नव्हती, म्हणून बदलवत नव्हतं. मग शेवटचा शब्द दिसला, इतिहास. नुसता इतिहास टाकला तर लाखो पेपर येतात, त्यात आपला कुठं सापडायचा? आणि मौखिक इतिहास वरच्या ओळीत होताच. ही गोष्ट तिनंच मला शिकवली होती, पोरांचे पेपर तपासताना. स्वतःच्या पेपरात तिला ती दिसली नव्हती, की सकाळी बघणार होती, मला ठाऊक नाय.

मी तो शब्द खोडला. त्या जागी एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत, 'नारू रोग' लिहिलं. नुसतं नारू नाय, म्हणजे जपान्यांत हरवायचं नाय. मोठ्यानं वाचलं. बाहेरच्या खोलीकडं बघितलं. पाठवलं.

मग लॅपटॉप मिटला आणि तिला खांदा द्यायला बाहेर गेलो.