गुलाबी भिंतीपुढचा पांढरा गाऊन

गास गावात लग्न ठरलं की आधी चर्चची तारीख घ्यायची, मग बँडवाल्याची आणि तिसरी आलोशियस तुस्कानोची, हा शिरस्ता. आलोशियस लग्नाचे व्हिडिओ काढायचा आणि घरी बसून ते स्वतःच एडिट करायचा. काढणारे पुष्कळ होते. पण नवरीची आत्या रडायला लागण्याच्या बरोबर आधी कॅमेरा तिच्याकडे वळवणारा अख्ख्या पंचक्रोशीत हा एकटाच. आत्यांनाही ते ठाऊक असल्यामुळे त्या त्याच्याकडे बघूनच रडायच्या, हा भाग वेगळा.

एडिटिंगची त्याची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. खिडकीला काळं कापड, दाराच्या फटीला गोणपाट. तरुणपणी तो फोटो स्टुडिओत होता, तिथल्या डार्करूमची सवय कॉम्प्युटर आला तरी सुटली नाही. पिक्चर बघायचं तर काळोखातच, टॉकीजमध्ये दिवे लावतात का, असं त्याचं म्हणणं. त्या काळोखात तो मॉनिटरसमोर सहा-सहा तास बसायचा आणि बाहेर यायचा तेव्हा डोळे असे लाल आणि ओले, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, माणूस भारी हळवा आहे. परक्याच्या पोरीचं लग्न बघून रडतो.

त्याची बायको लूर्डस ही शाळेत शिक्षिका. तिला हळवेपणा आणि डोकेदुखी यांतला फरक कळत होता. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात तिने निकाल दिला. नाताळापर्यंत डोळे सुधारले नाहीत तर आलोसने फक्त शूटिंग करायचं, एडिटिंग तिच्या भावाकडे, म्हणजे डेन्झिलकडे द्यायचं. डेन्झिलचा नालासोपाऱ्याला एसीवाला स्टुडिओ होता. तो नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवून गोल-गोल फिरवायचा. आपण टिपलेली आत्या त्या बदामात गरगरते आहे, हे आलोशियसच्या डोळ्यांपुढे आलं आणि डोळे आणखी दुखले.

मग तो वसई रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी तपासलं आणि नंबर आहे तोच आहे म्हणाले. मग कामाची जागा कशी आहे ते विचारलं. खोलीचं वर्णन ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुस्कानो, सगळी खोली काळी आणि मध्येच एक झगझगीत चौकोन. डोळ्याने जुळवून घ्यायचं तरी कुणाशी? चौकोनाकडे बघितलं की बाहुली मिटते, जरा बाजूला बघितलं की उघडते. दिवसभर उठाबशा काढायला लावता तुम्ही डोळ्यांना."

"मग दिवा लावू? सगळा उजेड काचेवर पडेल की."

"समोर नाही, मागे. मॉनिटरच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. दिवा तुम्हाला दिसता कामा नये, त्याचा भिंतीवरचा उजेड तेवढा दिसला पाहिजे. पांढरा घ्या. आणि मंद."

आलोशियसला हे पटलं नाही. पण डेन्झिलचा बदाम डोक्यात होता. त्याने साठचा बल्ब लावून पाहिला, तर मॉनिटर राहिला बाजूला आणि भिंतच पेटल्यासारखी दिसू लागली. डोकं दुप्पट दुखलं. मग देवघरातल्यासारखा लाल झिरोचा बल्ब लावला, तर फादरपासून नवरदेवापर्यंत सगळे आजारी दिसायला लागले. शेवटी त्याने फूटभर लांबीची पांढरी ट्यूब आणली, दिवसाच्या उजेडासारखी, आणि तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळत-गुंडाळत तिचा उजेड पडद्याच्या उजेडाच्या दहाव्या हिश्श्यावर आणला.

आणि चमत्कार झाला. डोळ्यांची आग आठवड्यात थांबली, हा एक. दुसरा त्याला अजिबात अपेक्षित नव्हता. काळोखात नवरदेवाचा काळा कोट नेहमी राखेसारखा दिसायचा, आता कडेने उजेड आल्यावर तोच कोट शाईसारखा काळा दिसू लागला. मॉनिटर तोच, फिल्म तीच. काळ्याला काळं म्हणायला शेजारी थोडा उजेड लागतो, हे त्याला पन्नाशीला टेकल्यावर समजलं. त्याने हे लूर्डसला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, हे डॉक्टरांनी नाही, मी लग्नाआधीच सांगायला हवं होतं; काळोखात बसणाऱ्याला कुणाचीच किंमत कळत नाही.

दोन-तीन लग्नं सुखाने एडिट झाली. डेन्झिलचं नाव घरात निघेनासं झालं.

नोव्हेंबरच्या अखेरीस, ज्यात लग्नं लागत नाहीत तो नाताळपूर्वीचा आगमनकाळ सुरू व्हायच्या आधी, उमेळ्याच्या मार्गारेट परेरांच्या धाकट्या जेसिकाचं लग्न झालं. मार्गारेटबाई म्हणजे त्या वाडीची न लिहिलेली राज्यघटनाच. जेसिकाचा गाऊन त्यांनी स्वतः शिवून घेतला होता. मण्याचा एकेक टाका त्यांच्या नजरेखालून गेलेला. जेसिका नवऱ्याबरोबर चोवीस डिसेंबरला बहारीनला जाणार, त्याआधी सीडी हातात हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्याच सुमारास लूर्डसने नाताळची रंगरंगोटी काढली. सगळ्या घराला गुलाबी डिस्टेंपर. एडिटिंगच्या खोलीची भिंत वर्षानुवर्षं चुन्याची होती, तीही रंगवू का, असं तिने विचारलं. आलोशियसने खांदे उडवले. काळोखाच्या खोलीला कुठला का रंग असेना. दुसऱ्या दिवशी त्याने ट्यूब परत जागेवर लावली आणि जेसिकाचं लग्न एडिट करायला घेतलं.

गाऊन किंचित हिरवट दिसत होता. चर्चमधल्या ट्यूबलाइटी अशाच असतात, तो मनाशी म्हणाला, आणि प्रत्येक शॉटला थोडा तांबडा वाढवत, थोडा हिरवा काढत, गाऊन दुधासारखा पांढरा होईपर्यंत सरळ करत गेला. आठ दिवस लागले. डोळ्यांतून एक थेंब पाणी आलं नाही.

रविवारी उमेळ्याला मार्गारेटबाईंच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं टीव्हीसमोर बसली. सीडी सुरू झाली आणि जेसिका चर्चची पायरी चढली, ती आपादमस्तक गुलाबी. फादर गुलाबी. ऑल्तारच्या वेदीवरची लिली गुलाबी. वरातीतले सगळे जण तर सकाळपासूनच घेऊन आल्यासारखे.

मार्गारेटबाई उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. रिमोट हातात घेऊन त्यांनी चित्र थांबवलं.

"आलोस, हा गाऊन मी पांढऱ्या सॅटिनचा केला होता."

आलोशियस म्हणाला, टीव्हीचा रंग बिघडला असेल. त्यांनी थोरल्या मुलीच्या लग्नाची सीडी लावली. तीही आलोशियसचीच, मे महिन्यातली. गाऊन पांढराशुभ्र. टीव्हीची बाजू तिथेच निकालात निघाली. मग त्याने घरी जाऊन मॉनिटरवर आपली सीडी बघितली, तर गाऊन पुन्हा पांढरा. म्हणजे टीव्ही चांगला, सीडी चांगली, मॉनिटर चांगला. उरले कोण? त्याचे डोळे.

हे त्याने लूर्डसला सांगितलं. संध्याकाळी तिने डेन्झिलला फोन केल्याचं त्याने दारामागून ऐकलं. मार्गारेटबाईंनी बुधवारपर्यंतची मुदत दिली होती. नाही जमलं तर लग्नाच्या सगळ्या टेपा डेन्झिलकडे. आणि एकदा टेपा गेल्या की पुढची लग्नंही त्याच वाटेने जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सोमवारी तो पुन्हा बसला. सगळे शॉट पहिल्यापासून तपासले. त्याला सगळं पांढरं दिसत होतं, तर दुरुस्त तरी काय करणार? आपल्याला रंग दिसायचे बंद झाले, हे आता नक्की, असं म्हणत तो जेसिकाच्या एका जवळच्या शॉटवर थांबला होता, इतक्यात दुपारचे दोन वाजले आणि लोडशेडिंगमुळे दिवे गेले. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, तो टीं-टीं करत चालू राहिला. मागची ट्यूब भिंतीतल्या बोर्डावर होती, ती विझली.

आलोशियस घाईने फाइल सेव्ह करत होता. तेवढ्या वेळात पडद्यावर जेसिका हळूहळू गुलाबी झाली.

त्याने हात माउसवरून उचलला. चित्र थांबलेलं होतं, एक टिंबही हललं नव्हतं. त्याने उजवा डोळा झाकला, गुलाबी. डावा झाकला, गुलाबी. देवा, आता समोरच व्हायला लागलं, असं तो पुटपुटला. पण आलोशियस पूर्वीचा डार्करूमवाला होता. एखादी गोष्ट बदलली की आधी काय-काय बदललं ते मोजायची त्याला सवय. चित्र बदललं नव्हतं. एक ट्यूब तेवढी गेली होती. त्याने टॉर्च घेतला आणि मॉनिटरच्या मागे मारला. भिंत गुलकंदासारखी उजळली.

त्याने जी हाक मारली, ती ऐकून लूर्डस करंज्यांचं पीठ हाताला तसंच ठेवून धावत आली.

"ही भिंत," तो म्हणाला. "पांढरी ट्यूब गुलाबी भिंतीवर पडली की उजेड गुलाबी. दिवसभर तो बघून डोळा म्हणतो, हाच पांढरा. मग खरा पांढरा त्याला हिरवट दिसतो. म्हणून मी जेसिकाला रंगवत बसलो. माझे डोळे ठीक आहेत, लूर्डस. उलट फार आज्ञाधारक आहेत."

"म्हणजे दोष माझ्या रंगाचा."

"दोष कुणाचा नाही. एवढा एक चौकोन चुन्याने पांढरा करू."

"नाताळाच्या तोंडावर? पाहुणे विचारतील, ठिगळ कसलं म्हणून."

"या खोलीत पाहुणे येतात कधी?"

"ठिगळ आहे म्हटल्यावर येतील."

यूपीएस टीं-टीं करत होता. शेवटी तिने कपाटातून एक पांढरी चादर काढली, कोळशाच्या इस्त्रीने सुरकुती न् सुरकुती मोडली आणि चार खिळ्यांवर मॉनिटरमागे ताणून बसवली. चार वाजता वीज आली. चादरीवर पांढरा उजेड पसरला. आलोशियस पाच मिनिटं चादरीकडे बघत बसला, मग जेसिकाकडे वळला. पोरगी खरंच गुलाबी होती. इतकी, की तिची त्याला दया आली.

मंगळवारची संपूर्ण सकाळ आणि बुधवारची दुपार त्याने वाढवलेला तांबडा काढण्यात घालवली. बुधवारी संध्याकाळी उमेळ्याला पुन्हा माणसं जमली. लूर्डसही आली. मागच्या खुर्चीवर बसून दीड तास ती टीव्हीकडे न बघता नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघत होती.

गाऊन पांढरा होता. नुसता पांढरा नाही, त्यातला सॅटिनचा चकाकणारा पांढरा आणि मण्यांचा दुधी पांढरा वेगळा ओळखू येत होता. मार्गारेटबाईंनी आलोशियसच्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला. उमेळ्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

तेवढ्यात नवरदेवाची आई, आग्नेसबाई, घसा खाकरून म्हणाली, "गाऊन चांगला आलाय. पण आमचा मायकल पिवळा दिसतो."

तिचं चुकत नव्हतं. दिवाळीत मायकलला कावीळ झाली होती आणि लग्नात तो जसा होता तसाच दिसत होता. "पहिल्या सीडीत किती छान दिसत होता पोरगा," ती म्हणाली. "गालावर लाली होती. मला तीच पाहिजे."

मार्गारेटबाईंनी ती सीडी मागच्या वाडीत केळफुलांवरच्या कावळ्यांना भिववायला टांगली होती. तसं त्यांनी सांगितलं. आग्नेसबाईने ते मनाला लावून घेतलं. मग दोघी विहिणींची जी जुंपली, ती गाऊनवरून कावळ्यांवर आणि कावळ्यांवरून आहेरावर गेली. शेवटी आग्नेसबाई म्हणाली, त्यापेक्षा नालासोपाऱ्याला डेन्झिलकडे देऊ, तो दोघांना बदामात घालून दोघांनाही गोरं करतो.

आलोशियसने केक खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. डेन्झिल तिचाच भाऊ होता.

लूर्डस मागच्या खुर्चीवरून उठली. दीड तासात तिला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. नवऱ्याचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

"टेपा कुठे जात नाहीत," ती वर्गात बोलावं तशी म्हणाली. "एडिटिंग हाच करील. आग्नेसबाई, मायकलला फक्त पिक्चरमध्ये गुलाबी करायचं असेल तर एक दिवस चादर काढून देते. पण मग पोरीचा गाऊनही गुलाबी होईल. तुमचं दोघींचं काय ते ठरवा आणि त्याला कळवा."

दोघी विहिणींनी अजून ठरवलेलं नाही. जेसिका आणि मायकल बहारीनला दोन्ही सीड्या घेऊन गेले, पांढरीही आणि कावळ्यांपुढची गुलाबीही.