जावयांचा ट्रे

वेफर्सच्या वासाची मला शिसारी आहे. थंड तेलाचा, मिठाचा आणि त्या कसल्याशा लाल मसाल्याचा तो वास पडद्याला बसतो, केसांना बसतो, कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाही बसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्टुडिओत मी बावीस वर्षं पाकिटांचे फोटो काढतोय. फाटक्या पाकिटातून कुरकुरीत वेफर्स हवेत उडतायत, मागे डोळे दिपवणारा पिवळाधमक रंग, असं चित्र तुम्ही दुकानात टांगलेलं पाहिलं असेल. लोकांच्या तोंडाला म्हणे पाणी सुटतं. माझ्याही सुटतं, पण उलटीच्या आधी सुटतं ते.

या बावीस वर्षांत मला ज्या एका माणसाचा कधी वीट आला नाही, ती चिमटाबाई. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, चणीनं बारीक, केसांच्या बुचड्यात कायम एक लांब चिमटा खोचलेला. खाण्याच्या वस्तू फोटोसाठी मांडायचं काम ती करायची. या कामाला हल्ली भारी भारी इंग्रजी नावं आहेत. ती म्हणायची, "मी मांडणारी. तू टिपणारा. उगाच शिंगं कशाला लावायची?"

तुम्हाला वाटत असेल, वेफर्स उडवले की झाला फोटो. छे. उडवलेले वेफर्स सगळे आडवे-तिडवे, निम्मे मोडलेले येतात. एकेका वेफराच्या पाठीला गरम गोंदाचा थेंब लावून तो बारीक तारेवर टांगावा लागतो. तारा नंतर कॉम्प्युटरवर पुसतात. खरंच उडवायचा तो फक्त चुरा आणि मसाला, तोही मूठभर, बरोबर फ्लॅश पडेल त्या क्षणी. पाकीट तर त्याहून द्वाड. चकचकीत फॉइल सगळी खोली आपल्या अंगावर घेते, म्हणून शूटिंगच्या दिवशी मी काळा सदरा घालतो. पाकीट फुगवून ताठ केलं तर मधोमध पांढराफटक डाग पडतो, चुरगळलं तर काळ्या रेघांचं जाळं. बाई पाकिटाची खालची शिवण उघडायची, आतला माल काढायची, स्पंजचे तुकडे भरायची आणि आतून बोटं फिरवून एकेक सुरकुती बसवायची. पडदा दोन मीटर मागे ठेवायचा, नाहीतर त्याचा पिवळा रंग फॉइलच्या कडांवर चढतो आणि पाकिटाला कावीळ झाल्यासारखं दिसतं.

वेफर्स निवडायला ती स्टुलावर बसली की चार तास उठायची नाही. अख्खा हवा, एका बाजूनं वळलेला हवा, कडेला करपलेला नको, मध्ये हिरवा डाग नको. पन्नास पाकिटं फोडल्यावर पंधरा-वीस हाताला लागायचे. ते ती काळ्या ट्रेमध्ये कापडावर मांडायची आणि जाहीर करायची, "हे जावई. जावयांना कुणी हात लावायचा नाही." उरलेला मोडका माल ती डब्यात भरून घरी न्यायची. घरी तिची थोरली बहीण, ऐकू न येणारी, टीव्ही बघत तेच खायची. बाई स्वतः एक वेफर तोंडात टाकत नसे.

आणि तिचा एक नियम होता. चित्रात जे दिसेल ते त्याच पाकिटातलं हवं. दुसऱ्या कंपनीचा देखणा वेफर नाही, मेणाचा नाही, पुठ्ठ्याचा नाही. कंपन्या फोटोबरोबर एक हमीपत्र मागतात, 'चित्रातला माल याच पाकिटातला आहे' असं लिहिलेलं. खाली दोन सह्या, एक टिपणाऱ्याची, एक मांडणारीची. माझ्यासाठी ते कागदाचं चिटोरं होतं. बाई मात्र ते दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि मग शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर काढून सही करायची.

याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं होतं. आठ वर्षांची असताना तिनं बापाकडे हट्ट करून बिस्किटांचा डबा घेतला होता. झाकणावरच्या बिस्किटात बदाम होते, डब्यात एकही नव्हता. बाप म्हणाला, चित्र बघायला असतं. ही डबा घेऊन दुकानात गेली. दुकानदार हसला. मग ही दुकानाच्या पायरीवर बसली ती त्यानं शटर ओढेपर्यंत.

"मग दिला का बदलून?" मी विचारलं होतं.

"कशाला देईल? पण मी बसले ना."

तर त्या दिवसाची गोष्ट. कंपनी मोठी, पाकीट नवं, आणि माल म्हणजे अक्षरशः घाण. चौऱ्याऐंशी पाकिटं फोडली. बटाटा कसला वापरला होता देव जाणे, वेफर्स पातळ, तेलकट, अर्धे तपकिरी. बाईची बोटं तेलानं लडबडली, स्टुलाखाली चुऱ्याचा ढीग साचला, माझ्या चपला त्यात करकरत होत्या. दुपारपर्यंत अकरा जावई निघाले. त्यांच्या पाठीला गोंद लावून झाला, तारा लावायच्या बाकी होत्या. अकरा कमीच, पण बाई म्हणाली, "अकरांत भागवते. पुढे-मागे टांगू."

तेवढ्यात कंपनीचे साहेब आले. गुळगुळीत माणूस, अंगाला अत्तराचा भपका. पाकिटाकडे बघून मान हलवली, पडद्याकडे बघून मान हलवली आणि फोनवर बोलत बोलत टेबलाशी येऊन ट्रेमधले जावई खायला लागले. एक गेला, दुसरा गेला. बाई हात धुवायला गेली होती आणि मी शिडीवर दिवा लावत होतो. मी ओरडलो तोवर पाच गेले होते. सहावा दातांत अडकला, गोंदाचा गोळा लागला असावा. साहेबांनी तो चावलेला लगदा हातावर काढला, बघितला आणि माझ्या पिवळ्या पडद्याच्या कडेला पुसला. पुसला हो, त्या कोऱ्या कागदी पडद्याला. तो लाळेचा तेलकट ओघळ पार खालपर्यंत उतरला.

बाई परत आली, ट्रेकडे बघितलं, मोजलं. पाच उरले होते.

साहेब म्हणाले, "सॉरी हां, भूक लागली होती. पण एवढं काय त्यात? खाली दुकान आहे. त्या दुसऱ्या कंपनीचे आणा, त्यांचा वेफर दिसतोही छान. आम्हाला आज संध्याकाळी फोटो हवाय."

"आणखी पाकिटं मागवा तुमच्या गोडाऊनमधून," बाई म्हणाली. "मी बसते."

"उद्या येतील ती. आज नाही जमत म्हटलं तर दुसरा स्टुडिओ बघतो."

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी पडद्यावरचा डाग पुसत राहिलो. पुसून जात नव्हता, तरी पुसत राहिलो.

तिनं चिमटा पुसून बुचड्यात खोचला. "पाच आहेत. पाचात कर. नाहीतर यांचेच कॉम्प्युटरवर उलटसुलट करून वापर, निदान माल तरी यांचाच राहील. बाकी मला सांगू नकोस," म्हणाली आणि डबा घेऊन जिना उतरली.

जिना रिकामा झाल्यावर मी खाली गेलो आणि दुसऱ्या कंपनीची सहा पाकिटं आणली. सहा पाकिटांत सतरा निघाले, सोनेरी, वळणदार, देखणे. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी टांगले, टिपले. मग हमीपत्र आलं. माझी सही केली. दुसऱ्या रेघेवर पेन थांबला. साहेब घड्याळ बघत होते. इतकी वर्षं मी बाईची ती अक्षरं बघत होतो, हाताला पाठ झाली होती. केली.

दोन दिवसांनी बाईनं फोनवर विचारलं, "काय केलंस रे?"

"पाचांचेच उलटसुलट केले," मी म्हणालो.

"आणि सहीचं?"

"या वेळी कागद मागितलाच नाही त्यांनी."

"बरं," ती म्हणाली. एकदा खोटं बोललं की दुसरं आपणहून येतं, त्याला निमंत्रण लागत नाही. फोन ठेवल्यावर मी दोनदा साबणानं हात धुतले.

ते चित्र मग सगळीकडे झळकलं. दुकानात, बसच्या पाठीवर, माझ्या घरासमोरच्या भिंतीवर. मी खिडकी लावून घ्यायचो.

वर्षभरानं त्याच कंपनीचा नवा मसाला आला. पत्रात लिहिलं होतं, मागचीच माणसं हवीत. मी बाईला बोलावलं. ती आली, तोच चिमटा, तोच डबा. पाकिटं फोडायच्या आधी म्हणाली, "मागची फाईल दे. सुरकुत्या तशाच बसवायला हव्यात, दोन्ही पाकिटं शेजारी टांगतील." हे ती दर वेळी मागायची. मी कपाटातून फाईल काढून दिली आणि दिवे लावायला वळलो. हमीपत्राची प्रत त्याच फाईलमध्ये होती. ते मला आठवलं तेव्हा मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होतो.

मागे पान उलटल्याचा आवाज झाला.

"बाई," मी म्हणालो.

"वेफर्स मी दुकानातच ओळखले होते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "माझे जावई मला कळणार नाहीत? म्हटलं, असेल अडचण. तुझं पोट तुला. माझं नाव तर त्यात नाही ना, असं म्हणून सोडून दिलं."

मी शिडीवरून उतरलो नाही. उतरायला तोंडच नव्हतं.

ती स्टुलावर बसली आणि कामाला लागली. या वेळी माल बरा होता. बावन्न पाकिटांत एकोणीस निघाले. तिनं सुरकुत्या बसवल्या, गोंद लावला, तारा लावल्या, मी म्हणेन तेव्हा मसाला उडवला. दिवसभर ती एवढंच बोलली, "डावीकडे" आणि "आता". संध्याकाळी कंपनीच्या माणसानं नवं हमीपत्र ठेवलं. तिनं ते नेहमीसारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकेक अक्षर काढत सही केली आणि सहीखाली बारीक आकड्यांत तारीख घातली.

मग जुना कागद त्याच्याशेजारी ठेवला.

"अक्षर चांगलं काढलंस," ती म्हणाली. "पण तारीख विसरलास. मी सहीखाली तारीख घालते. बावीस वर्षं बघतोयस." तिनं नवा कागद माझ्याकडे सरकवला. "नीट बघून ठेव. पुढच्या वेळी तुलाच करायची आहे."

मोडक्या वेफर्सचा डबा त्या दिवशी ती टेबलावरच ठेवून गेली.