जावयाला कोण सांगणार

रबराच्या कारखान्यात पाठीमागे त्याला सगळे 'करून दाखव' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नवा माणूस कामाला लागला की पहिला अर्धा दिवस वरच्या खोलीत. तिथे सेफ्टीच्या मॅडम फिल्म दाखवायच्या, बूट द्यायच्या, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते सांगायच्या. मग तो खाली ह्या सुपरवायझरच्या ताब्यात. ह्याचं म्हणणं एकच होतं. ऐकलेलं डोक्यात राहतं, आणि मशीन डोक्याला विचारत बसत नाही.

ह्याच्या खात्यात रबर मळायची मिल होती. दोन जाडजूड लोखंडी रोल एकमेकांकडे फिरतात आणि मधल्या फटीतून गरम रबर लाटून निघतं. समोर पोटाच्या उंचीवर एक आडवी दांडी. ती अंगाने पुढे ढकलली की रोल थांबतात. आता मेख अशी, की हात सापडला की कुणीही मागेच खेचणार. आणि वाचायचं तर पुढे झुकायला हवं, कारण दुसरा हात रिकामा असेलच असं नाही. हे काही फिल्म बघून अंगात मुरत नाही. म्हणून हा मिल रिकामी चालवायचा, नव्या माणसाला दांडीसमोर उभं करायचा, हात पाठीमागे बांधायला लावायचा आणि अचानक ओरडायचा. त्याने पोटाने दांडी ढकललीच पाहिजे. मागे सरकला की पुन्हा.

"अरे गाढवा, मागे कुठे पळतोस? मागे काय तुझी सासुरवाडी आहे? चल, करून दाखव."

पोरं रडकुंडीला यायची. त्यानंतरही लगेच मिल हातात नाही. जुन्या गड्याच्या जोडीला राहायचं, जोडीदार हलला तर मिल बंद करायची, आणि हा मधूनच येऊन पुन्हा ओरडून बघणार. मॅनेजर वैतागायचे, माल रखडतोय म्हणायचे. हा म्हणायचा, "साहेब, माणूस तयार झाला की नाही हे मी सांगायचं, हीच माझी नोकरी. माल तुम्ही बघा." इतक्या वर्षांत ह्याच्या खात्यातल्या कुणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं. त्याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

मग जावयाचं कुरिअरचं ऑफिस बंद पडलं. जावई शिकलेला, अबोल, जरासा मानी. मुलगी एकुलती एक. ती बापाकडे आली, इकडचं तिकडचं बोलत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी सवय. शेवटी म्हणाली, "बाबा, ह्यांना तुमच्याकडे लावा ना. फक्त एक करा, सगळ्यांसमोर त्यांना काही बोलू नका. आधीच खचलेत ते."

"वेडी आहेस का? जावयाला कोण बोलतं?" तो म्हणाला.

मॅडमनी त्याला बाजूला घेऊन विचारलंही होतं, "तुमचे जावई आहेत, तर त्यांचं ट्रेनिंग दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरकडून करून घेऊ का?" ह्याला तो अपमान वाटला, साफ नको म्हणाला. सगळ्या जगाला शिकवतो आणि घरच्या माणसाला शिकवता येत नाही, असं कुणी म्हणायला नको. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पण आपल्याला भीड पडेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

जावई मिलसमोर उभा राहिला तेव्हा खात्यातले दहा-बारा डोळे तिकडेच होते. पैलवान म्हणून ओळखला जाणारा जुना गडी तर हात पुसत मजा बघायलाच उभा राहिला. आता ओरडणार, गाढव म्हणणार. आणि ह्याच्या तोंडून निघालं, "हे बघा, ही दांडी. काही झालं तर ही ढकलायची. समजलं ना?"

"समजलं," जावई म्हणाला, आणि दार लोटावं तशी हाताने दांडी लोटली. रोल थांबले.

पोटाने, हाताने नाही. शब्द अगदी जिभेवर आला होता. पैलवान हसत होता, जावयाचे कान लाल झाले होते, आणि ह्याला मुलीचा चेहरा दिसला. "छान," तो म्हणाला, आणि जावयाला पैलवानाच्या जोडीला देऊन मोकळा झाला. पुढेही मधूनमधून ओरडून बघायचं ते राहिलंच. जायचा, "कसं काय, जमतंय ना?" विचारायचा, पाहुण्याला विचारतात तसं.

एका सकाळी पैलवान पुढचा माल आणायला गेला. मिल चालूच. ह्याने खात्याच्या टोकावरून ते पाहिलं. दुसरा कुणी असता तर आईबापांसकट उद्धार करून मिल बंद करायला लावली असती. जावई होता, म्हणून हा फक्त जरा भरभर चालू लागला.

रबराची पट्टी रोलवर अडकली होती. जावयाने ती तळव्याने आत ढकलली. गरम रबर हाताला चिकटतं, सोडत नाही. हात आत गेला आणि तो मागे खेचू लागला, सगळा जीव लावून मागे, दुसऱ्या हाताने पहिला हात धरून. दांडी पोटापासून वीतभर पुढे होती. हा धावत आला आणि दांडीवर अंग टाकलं. रोल लगेच थांबले, दांडीत काही दोष नव्हता. रोज शिफ्टच्या आधी तो स्वतः ती तपासायचा. रोल उलटे फिरवून हात काढला. डॉक्टरांनी तो कोपरापासून कापला. उजवा.

चौकशी वरच्या खोलीत झाली, जिथे फिल्म दाखवतात तिथेच. सरकारी निरीक्षक, मॅनेजर, मॅडम. मॅनेजरांचं ठरलेलं होतं. शिकवलं होतं, कामगाराने ऐकलं नाही. निरीक्षकांनी जावयाला विचारलं. रिकामी बाही मांडीवर ठेवून तो म्हणाला, "मामांनी सगळं शिकवलं होतं. चूक माझीच."

सासऱ्याची अब्रू राखत होता बिचारा. हा गप्प बसला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. नोकरी राहिली असती, नावही राहिलं असतं, आणि आयुष्यभर लोकांनी जावयाला बावळट म्हटलं असतं.

"साहेब, ते खोटं बोलतायत," तो म्हणाला. "मी सांगितलं, पण करून घेतलं नाही. त्यांनी हाताने दांडी लोटली, मी छान म्हणालो. जोडीदार गेला ते दिसलं, तरी ओरडलो नाही. ते जावई आहेत म्हणून."

निरीक्षक लिहीत राहिले. मॅनेजरांनी तिथल्या तिथे सांगितलं, ह्याच्याकडे आता नवी माणसं द्यायची नाहीत. मॅडम खाली बघून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. तुमचं ऐकायला नको होतं मी." नातेवाइकाने नातेवाइकाला शिकवायचं नाही आणि दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने पारखल्याशिवाय कुणाला मिल द्यायची नाही, असं त्याच दिवशी ठरलं. ठरलं ते चांगलंच झालं. पण ह्याच्या काय उपयोगाचं?

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं, तिने सगळं ऐकलं होतं. नवरा बाहेर आला तशी त्याची बाही तिने पिनेने वर टोचली. बाप समोर येऊन उभा राहिला.

"तूच म्हणाली होतीस ना, सगळ्यांसमोर…" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"हो, म्हणाले होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मला मिलमधलं काय कळतं, बाबा? तुम्हाला कळत होतं."

मग तिने नवऱ्याच्या डाव्या हाताला धरलं आणि ती दोघं जिना उतरून गेली.