पालेगावच्या सह्या

जिज्ञासा बारा वर्षं उल्हासनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. पीएचडी झाली तर कायमची होण्याची आशा, नाहीतर दर जूनला पुन्हा अर्ज. विषय होता पालेगावची शेती जाऊन इमारती कशा आल्या. नोंदणीची, म्हणजे प्रबंध जमा करायची, मुदत संपायला एकच दिवस उरला, तेव्हा मार्गदर्शक दौलतराव सरांनी एका पानावर लाल रेघ मारली. परिच्छेदभर नुसती अवतरणं होती. "यात तुझं काय आहे? स्वतःच्या शब्दांत मांड, पण कोण काय म्हणालं ते सोडू नकोस," ते म्हणाले.

ती बसली. एका संशोधिकेने विहिरी 'बहुधा' खारट झाल्या असं लिहिलं होतं. जिज्ञासाने तिच्या नावासकट ती शक्यता शक्यताच ठेवली. एका पाहणीत तीनच विहिरी, त्याही उन्हाळ्यात तपासल्या होत्या. तो तीनचा आकडा आणि तो उन्हाळाही तिने राखला. मग आली पालेगावचे शेतकरी हरिचंद्रकाका यांची, जमीन विकण्याच्या कागदांवरच्या सह्यांबद्दलची मुलाखत. त्यांचे शब्द होते : "भावानं आधी सही केली, मंग मीपन केली. दुसऱ्यांचा मना ठाव नाय." ती दमली होती, आणि तिला हे वाक्य फार लहान वाटलं. तिने लिहिलं : हरिचंद्र यांच्या मते, घरातल्यांच्याच दबावाखाली पालेगावच्या शेतकऱ्यांना सह्या कराव्या लागल्या. सर खूश झाले. प्रबंध बांधून वेळेत जमा झाला.

काकांना वाचून दाखवायचा शब्द दिला होता, तो तिने पाळला, फक्त उशिरा. काकांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"दबाव मी कवा बोललो? आन् सगल्यांचा कसा काय बोललो?" ते शांतपणे म्हणाले. "भाऊ मेलाय माझा. तो आता सांगाया येनार हाय का?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सरांकडे गेली. सर म्हणाले, मागे घेतलास तर मुदत गेली, नव्याने नोंदणी, आणखी पाच वर्षं. आणि तसंही प्रबंध वाचतंय कोण? जिज्ञासा गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला आजही किळस येते.

पदवी मिळाली. पद भरलंच गेलं नाही. काका भेटले तरी मान फिरवून जात, आणि गेल्या वर्षी तेही गेले.

या मार्चमध्ये श्रद्धा नावाची विद्यार्थिनी आपला प्रबंध दाखवायला आली. तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं : जिज्ञासा यांनी नोंदवल्याप्रमाणे, हरिचंद्र यांच्या मते पालेगावात सख्ख्या भावांनी भावांना सह्या करायला भाग पाडलं. खाली वर्ष, पान, सगळं बरोबर होतं.

"मॅडम, तुमचं वाक्य मी स्वतःच्या शब्दांत लिहिलंय," श्रद्धा आनंदाने म्हणाली. "जमलंय ना?"