दुसऱ्या लेखकाचं नाव

माणिकराव रिसोडच्या बस स्थानकावर सव्वीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी आली की आगमनाची वेळ, सुटली की निर्गमनाची, आणि शेजारी सही. निवृत्त झाल्यावर ते शिरपूर जैनला घरी आले, पण सवय काही सुटली नाही. दूधवाला किती वाजता आला, लाईट कधी गेली, सगळं कॅलेंडरच्या कडेला टिपलेलं. "ज्याची नोंद नाही, ते झालंच नाही," असं ते म्हणायचे, आणि त्यांची बायको वच्छलाबाई हसून म्हणायच्या, "मंग आपलं लग्न झालंच नाही म्हना. त्या दिवशी तुमी कायबी लिवलं नव्हतं."

हीच सवय प्रसेनजितमध्ये उतरली होती. आयटीआय करून तो पुण्याला गेला, दोन वर्षं एका कारखान्यात कंत्राटावर होता, आणि कंत्राट संपल्यावर मोटारसायकलवरून जेवणाचे पुडे पोचवू लागला. गाडीच्या टाकीवरच्या पिशवीत त्याची एक निळी वही असे. ऑर्डर आली १.१०. हॉटेलात पोचलो १.१६. पुडा हातात १.३८. गिऱ्हाइकाच्या दारात १.५५. सोबतची पोरं चेष्टा करायची. लखन तर म्हणायचा, "अबे, यष्टी सोडून राह्यला का पुडे?" पण वही बंद झाली नाही. ऑगस्टमध्ये कात्रजच्या उतारावर गाडी घसरली, घोट्यात प्लेट बसली आणि प्लास्टर घेऊन तो गावी आला, तेव्हाही कपड्यांच्या आधी त्यानं बॅगेत वही टाकली. तिच्यात चारशेबारा ऑर्डरी होत्या.

सपना त्याची मोठी चुलत बहीण, रिसोडच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी, तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये तिची नेमणूक नव्यानं व्हायची, कधी जुलै उजाडायचा. मोबाईलवरच्या ॲपमधून मिळणाऱ्या कामावर तिला नागपूरच्या एका परिषदेत पेपर वाचायचा होता. त्यासाठी आधी ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचा, म्हणजे पेपरचा सारांश, अडीचशे शब्दांचा. तो पसंत पडला तरच बोलावणं. तिनं प्रसेनजित धरून पुण्यात काम केलेल्या चौदा पोरांशी बोलून घेतलं होतं. बाकीच्या तेरा जणांचे नंबर त्यानंच दिले होते. वहीही त्यानंच दिली होती, आणि तिनं महिनाभर बसून एकेक ओळ संगणकावर चढवली होती.

त्या रविवारी ती दुपारच्या गाडीनं आली. मुदत पाच वाजेपर्यंत होती. ओसरीवर लॅपटॉप उघडून तिनं इंग्रजीतला सारांश मराठीत सांगायला घेतला. प्रसेनजित पाय खाटेवर पसरून ऐकत होता.

"कामगाराला वरिष्ठ दिसत नाही, पण ॲप सतत त्याच्यावर नजर ठेवते. ऑर्डर कुणाला का जाते हे त्याला सांगितलं जात नाही. पी-सात या सहभागीनं ठेवलेल्या नोंदींनुसार, लांबची ऑर्डर नाकारली नाही तर पुढची सरासरी चौदा मिनिटांनी येते, आणि नाकारली तर सदतीस मिनिटांनी..."

"थांब," प्रसेनजित म्हणाला. "पी-सात कोन?"

"तू."

तो खाटेच्या नवारीत बोट घालून बसला.

"नाव लपवावंच लागते रे," सपना म्हणाली. "तू संमतीच्या कागदावर सही केली ना? उद्या कंपनीनं वाचलं तर तुलेच त्रास."

"त्या सदतीस मिनिटात मी काय करत होतो, म्हाईत हाये तुले? कटिंग पेऊन मोबाईलकडं पाहत होतो. अन् मनात येई, आपलं काय चुकलं? मंग लिहिलं. म्या सांगतलं नाही ताई, लिहिलं. बाकीच्यांनं सांगतलं."

सपनानं पडद्यावरच्या ओळींकडं पाहिलं. कंपनीच्या माणसाला फोन केला की तो आधी आयडी नंबर विचारतो, हे तिनंच सारांशात लिहिलं होतं. दोन ओळींनंतर तिनंही भावाला नंबर दिला होता.

आतून वच्छलाबाई बोलल्या. "नाव नोको देऊ बापा. पाय बरा झाल्यावर तुले तिथंच जा लागंन. आयडी बंद केली तं?"

"बंद तं तशीबी होते, आई. लखनची झाली. काहून झाली, अजून कोनी सांगतलं नाही त्याले."

माणिकराव इतका वेळ दारात उभे होते. ते म्हणाले, "सपनाबाई, रजिस्टर ज्याचं, सही त्याची. कंट्रोलर बदलला तरी आधीच्याची सही खोडत नसते कोनी."

"काकाजी, मग त्याला लेखक करा लागंन. दुसरा लेखक." तिनं आवाज खाली आणला. "पहिल्यांदाच पाठवून राह्यले मी मोठ्या परिषदेत. डिग्री नसलेला माणूस सोबत पाहून त्यांनं नाकारलं तं? पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत माझ्याजवळ दाखवाले काय राहीन?"

प्रसेनजितनं तिच्याकडं पाहिलं. ही ताई त्याला लहानपणी सायकलच्या नळीवर बसवून शाळेत न्यायची. जूनमध्ये तिचा फोन वाजला की ती कशी दचकते, हे त्यानं पाहिलेलं होतं.

"तुलेबी दरवर्षी नव्यानं लॉगिन करा लागते ना?" तो म्हणाला.

सपना हसली, मग डोळे पुसले. "तुझ्यापेक्षा वाईट. मले नोटिफिकेशनबी येत नाही."

"राहू दे मंग. पी-सात लिह. मी मनापासून सांगून राह्यलो."

तो खरंच मनापासून म्हणाला होता, आणि तेच तिला जड गेलं. चार वाजत आले होते. मंदिराकडं जाणाऱ्या यात्रेकरूंची गाडी घरासमोरून गेली. सपनानं निळी वही उघडली. एका पानावर पावसाचा डाग होता, शाई फुटली होती, आणि फुटलेल्या आकड्याशेजारी त्यानं तोच आकडा पुन्हा स्वच्छ लिहिला होता.

"तुले भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"वाटते. पन नोंद खोटी थोडीच हाये?"

ती टाइप करू लागली. चौदा मुलाखतींच्या तेरा केल्या. 'पी-सात या सहभागीनं ठेवलेल्या नोंदींनुसार' खोडून 'दुसऱ्या लेखकानं काम करताना स्वतः ठेवलेल्या चारशेबारा नोंदींनुसार' असं केलं. शब्द वाढले, म्हणून अनिश्चिततेवरचं तिचं एक आवडतं वाक्य काढून टाकलं. एका जागी प्रसेनजितनंच अडवलं.

"नाकारली 'म्हणून' उशीर झाला, असं नोको लिहू. मले तसं वाटते, पन मशीनच्या आत कोन पाह्यलं? एवढंच लिह का असं दिसलं."

"माझे सर हेच सांगतात," सपना म्हणाली.

मग अर्जाचा रकाना आला. दुसऱ्या लेखकाची संस्था. यादीत विद्यापीठं होती, महाविद्यालयं होती, अगदी शेवटी 'इतर' होतं. तिनं तेच निवडलं तशी खाली रिकामी चौकट उघडली.

"काय लिहू?"

वच्छलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मुलाच्या प्लास्टरकडं पाहिलं. "द्याचंच हाये तं पुरं द्या," त्या म्हणाल्या. "अर्धं नाव बरं नाही दिसत."

माणिकरावांनी सांगितलं आणि सपनानं लिहिलं: प्रसेनजित माणिकराव खिल्लारे, डिलिव्हरी कामगार, शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम.

तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. तिनं बटण दाबलं. अर्ज मिळाल्याची ओळ पडद्यावर आली. निर्णय तीन आठवड्यांनी कळणार होता.

माणिकरावांनी वही मागून घेतली. शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून त्यांनी आपल्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'सारांश रवाना, १६.४२.' मग पेन मुलापुढं धरला.

"कर सही."