उमाताईंमधलं ताई

देवदत्त करंदीकर सांगलीत विश्रामबागेतल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक होते. मूळचे वाईचे. आईच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलं आणि आई गेल्यावर त्यांनीच तो विषय बंद केला. कार्यालयात त्यांना मान होता तो एका वेगळ्याच कामामुळे. कुणीही निवृत्त झालं की समारंभाचं प्रास्ताविक करंदीकरांनीच करायचं, असं ठरूनच गेलं होतं.

या कामाचे त्यांचे काही नियम होते. पत्रिकेवर ‘निरोप समारंभ’ असं ते कधी छापू देत नसत, ‘सेवापूर्ती’ म्हणत. पहिलं संबोधन अध्यक्षांना, मग पाहुण्यांना, मग सत्कारमूर्तींना आणि लगेच त्यांच्या घरच्यांना. घरची माणसं पहिल्यांदाच अशा सभागृहात आलेली असतात, त्यांना आपलं नाव ऐकू आलं की ती जरा सैल होऊन बसतात. त्यानंतर सगळा कर्मचारीवर्ग. नावं कागदावरून वाचली तरी चालतील, पण सत्कारमूर्तीचं नाव घेताना मान वर हवी. पहिल्याच वाक्यात दुःख, पोकळी असले शब्द घालायचे नाहीत, नाहीतर समोरचा माणूस सुरुवातीलाच रडतो आणि पुढचे सगळे वक्ते अडचणीत येतात. आपण कशासाठी जमलो ते एका वाक्यात सांगायचं आणि लगेच त्या माणसाची एखादी खरी गोष्ट. मोठी नको, पण खरी हवी.

हे नियम त्यांनी एकट्यानं केलेले नव्हते. समोरच्या टेबलावर उमा आठवले बसत. नवरा नोकरीत असतानाच वारला, तेव्हा अनुकंपा तत्त्वावर त्यांना आवक-जावक शाखेत घेतलं. त्या वेळी त्या चौतीस वर्षांच्या होत्या, मुलगी मयूरी सात वर्षांची. पहिल्याच वर्षी एका समारंभानंतर त्या करंदीकरांना म्हणाल्या होत्या, “भाषण छान झालं. पण ‘आणि इतर कर्मचारी’ म्हणालात ना, तेव्हा मागे शिपाई आणि झाडूवाल्या बाई उभ्या होत्या. त्या इतर झाल्या.”

तेव्हापासून प्रत्येक प्रास्ताविकाची सुरुवात करंदीकर आधी त्यांना दाखवत. त्या पेन्सिलीनं एखादा शब्द खोडत, एखादं सुटलेलं नाव भरत आणि कागद परत टेबलावर सरकवत. दुपारचा चहा अर्जुना शिपाई दोघांना एकदमच आणून ठेवायचा. चोवीस वर्षं असंच चाललं. सबंध कार्यालय त्यांना उमाताई म्हणायचं. करंदीकर मात्र आठवलेबाई म्हणत, नाहीतर नुसतं “अहो, हे बघता का?” असं म्हणून भागवत. ताई हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. का निघाला नाही, हे त्यांना पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळलं होतं. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं आणि त्यांनी सांगितलंही नाही.

मे महिन्याच्या एकतीस तारखेला उमाबाई अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होत्या. पुढं साताऱ्याला मयूरीकडं राहायला जायचं ठरलं होतं. निवृत्तीवेतनाची कागदपत्रं करंदीकरांच्याच टेबलावरून पुढं गेली. प्रत्येक कागदावर त्यांनी नेहमीपेक्षा दोनदा नजर फिरवली.

अर्जुना जतकडचा. चहा ठेवता ठेवता त्यानं विचारलं, “सायेब, ताईंचं भाषान तुमीच करनार न्हवं?”

“मीच करणार, अर्जुना.”

“चांगलं करा. लय जीव लावला ओ त्यांनी.”

तीन दिवस कागद कोराच राहिला. अध्यक्षांचं नाव, पाहुण्यांचं नाव लिहून व्हायचं आणि पेन तिसऱ्या ओळीवर थांबायचं. आजवर निवृत्त झालेल्या प्रत्येक बाईंना त्यांनी व्यासपीठावरून ताई म्हटलं होतं. यांनाच म्हटलं नाही तर सभागृहाच्या लक्षात येईल, आणि म्हटलं तर इतकी वर्षं जपलेली एवढीशी गोष्टही हातची जाईल. तीस तारखेला दुपारी त्यांनी मनाचा हिय्या करून लिहिलं, ‘आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या आदरणीय उमाताई.’ आणि नेहमीसारखा कागद पुढं सरकवला.

उमाबाईंनी चष्मा लावून वाचलं. मग तीच ओळ पुन्हा वाचली.

“हे काय लिहिलंय?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणतात. तुम्ही कधी म्हणाला नाहीत.”

करंदीकरांनी टेबलावरच्या फायली उगीच सारख्या केल्या. “तुमच्या लक्षात होतं?”

“आवक-जावक सांभाळते मी,” त्या म्हणाल्या. “काय आलं आणि काय आलं नाही, दोन्ही लक्षात ठेवावं लागतं.”

त्यांनी पेन्सिल घेतली, ‘ताई’वर बारीक रेघ मारली, मग ‘आदरणीय’वरही.

“मग काय म्हणू?”

“मला नाव आहे की,” त्या म्हणाल्या आणि आलेल्या टपालाकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सभागृह भरलं. मयूरी आणि जावई देशमुख पहिल्या रांगेत होते. उमाबाई व्यासपीठावर मोरपंखी साडीत, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. करंदीकर ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. कागद खिशातून काढलाच नाही.

“आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले कार्यालयप्रमुख, माननीय धैर्यशील पाटील साहेब; प्रमुख पाहुण्या संयोगिता घोरपडे मॅडम;” इथं त्यांनी मान वर केली, “आजच्या सत्कारमूर्ती, श्रीमती उमा आठवले; त्यांची कन्या मयूरी आणि जावई अमृत देशमुख; अर्जुना, सभागृह झाडून खुर्च्या मांडणाऱ्या बनुबाई, आणि माझ्या सर्व सहकाऱ्यांनो. चोवीस वर्षांची सेवा पूर्ण करणाऱ्या एका माणसाचा सत्कार करायला आपण जमलो आहोत. महापुराच्या वर्षी गावभागातल्या गोदामातून भिजलेलं दप्तर इथं आलं, तेव्हा नऊ दिवस एकेक पान गच्चीवर वाळत घालून, त्यावर खडे ठेवून यांनी ते वाचवलं. वारा सुटला की त्या गच्चीवर धावायच्या. मी जिन्याच्या दारातून बघत असायचो.”

शेवटचं वाक्य त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते बोलून झाल्यावर पुढचं काही आठवेना. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या. उमाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि पदराचं टोक सारखं केलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो, सगळं यथासांग झालं. सहा वाजता जावयाची गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली.

दिवाळीनंतर करंदीकरांना एका बैठकीसाठी साताऱ्याला जावं लागलं. काम तीनला संपलं. चालत ते मयूरीच्या दारापर्यंत गेले. मयूरीनं ओळखलं, बसायला सांगितलं, चहा केला. “आई देवळात गेलीय, येईलच.”

पाऊण तास ते बसले. भिंतीवर समारंभातला फोटो होता, त्यात ध्वनिक्षेपकासमोर उभा असलेला त्यांचा अर्धा खांदा आला होता. मग ते उठले.

“थांबा ना काका.”

“शेवटची गाडी चुकेल.”

रात्री सांगलीत पोचेपर्यंत उमाबाईंचा फोन आला. “थांबायचं होतं.”

“गाडी होती.”

“साताऱ्याहून सांगलीला रात्री उशिरापर्यंत गाड्या असतात,” त्या म्हणाल्या.

“हो,” करंदीकर म्हणाले. “माहीत आहे.”

मग उमाबाईंनी विचारलं, जेवलात का, आणि ते म्हणाले, आता जेवतो.