हं, अंश आणि संयम

आमच्या पोर्तुगीजच्या वर्गाला एकच नियम होता. वहीत देवनागरी अक्षर दिसता कामा नये. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं कारणही सांगून टाकलं होतं. "पोर्तुगीज शब्द मराठीत लिहून ठेवला की तुम्ही पुढे पोर्तुगीज वाचत नाही, स्वतःचं अक्षर वाचता. ते वाचायला माझ्याकडे यायची गरज नाही."

बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षं ब्राझीलमध्ये राहून आलेल्या. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्या शनिवार-रविवार सकाळी शिकवत. आम्ही नऊ विद्यार्थी होतो. मी त्रेपन्न वर्षांचा, आणि माझ्यानंतरचा सर्वांत वयस्क माणूस पस्तिशीचा. कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं माझ्याकडे असतात. ब्राझीलच्या गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या कागदांवर दुसऱ्याच्या भरवशावर सही करणं मला पटत नव्हतं, म्हणून मी विश्रांतवाडीहून स्कूटरवर चाळीस मिनिटं खर्च करून तिथे जात होतो.

नियम मी पहिल्याच आठवड्यात मोडला. घरी एक दोनशेपानी वही केली. डावीकडे पोर्तुगीज शब्द, मध्ये देवनागरीत उच्चार, उजवीकडे अर्थ, आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. तिसऱ्या महिन्याअखेर दोनशे बारा शब्द झाले. वही वर्गात बाहेर काढत नव्हतो, एवढाच काय तो प्रामाणिकपणा.

माझ्या शेजारी यवतमाळची एक मुलगी बसायची. हिंजवडीतल्या एका कंपनीत होती, पण जुनं काम संपल्यापासून सहा आठवडे तिला नवं काम मिळालं नव्हतं. तिच्या कंपनीत अशा लोकांना दोन महिने थांबू देत आणि मग नारळ देत. ब्राझीलच्या एका गिऱ्हाइकाचं काम येणार होतं. त्यासाठी तिथली एक बाई गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास पोर्तुगीजमधून मुलाखत घेणार होती. "झालं तर झालं काका," ती म्हणायची, "नाही तर बॅग भरून यवतमाळ." मला तिची दया आली आणि मी ती वही तिला झेरॉक्स करायला दिली. तिने सगळी पाठ केली.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिची रंगीत तालीम घेतली. बाई झाल्या गिऱ्हाईक. मुलगी भराभर बोलली, व्याकरणात कुठे अडली नाही. मी कौतुकाने ऐकत होतो. बाईंचा चेहरा मात्र हळूहळू आंबट होत गेला.

"sim म्हण."

"सिम."

"bom."

"बॉम."

"आता não."

"नाओ."

"पहिल्या दोन्हींना ओठ मिटले. ओठ मिटले की तो म झाला, आणि बोलताना तिथे म नसतो. लिहिताना आहे, तो फक्त नाकाची आठवण म्हणून. आणि तिसऱ्याला नाकच नाही. असं कसं गं? हवं तिथे नाक नाही, नको तिथे ओठ!"

मुलगी कानकोंडी झाली. "बाई, मी तर रोज पाठ करून राहिली होती."

"तेच म्हणतेय. चूकसुद्धा पाठ झालीय. गुरुवारी ती बाई प्रत्येक वाक्याला 'पुन्हा सांगा' म्हणेल. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं त्यातच जातील."

माझे कान तापले. sim, म्हणजे हो, हा माझ्या वहीत शब्द क्रमांक चार, तिथे मी 'सिम्' लिहिलं होतं. bom, म्हणजे चांगलं, क्रमांक नऊ, 'बॉम्'. não, म्हणजे नाही, क्रमांक पाच, तिथे 'नाओं' लिहून वर टिंब दिलं होतं. मुलगी पोर्तुगीज बोलत नव्हती, माझी वही वाचत होती.

वर्ग सुटला. बाकीचे चपला घालून निघाले तरी मी बसून राहिलो. मग पिशवीतून वही काढून बाईंसमोर ठेवली.

"बाई, चूक तिची नाही. माझी आहे. तिने ही पाठ केली."

बाईंनी चष्मा लावला आणि पानं उलटली. मुलगी भिंतीकडे बघत होती.

"क्रमांकही घातलेत?"

"हो."

"म्हणजे गुन्हा अगदी व्यवस्थित केलाय."

"काकांनी चांगल्या मनानेच दिली ना बाई," मुलगी म्हणाली.

"चांगलं मन गुरुवारी कोण तपासणार आहे?" बाईंनी वहीतल्या 'नाओं'वर बोट ठेवलं. "हे टिंब कशाचं?"

"अनुस्वाराचं."

"'केलं' म्हणा."

म्हटलं.

"वर टिंब आहे. नाकातून काही आलं?"

नव्हतं आलं. 'केलं'वरचं टिंब म्हणजे शेवटचा अ जरा लांबवायची खूण. पन्नास वर्षं मी ते लिहीत आलो आणि ते नाकाशी संबंध नसलेलं टिंब आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. मुलीने 'नाओं' वाचताना तेच केलं होतं. शेवटी टिंब दिसलं, तिने नाक सोडून दिलं.

"तुमच्या मराठी टिंबाचे उच्चार किती?" बाईंनी विचारलं. मी बोटांवर मोजायला लागलो. "मग उद्या संध्याकाळपर्यंत मोजून आणा. आकडे आवडतात ना तुम्हाला? तू पण ये गं उद्या. चार दिवस आहेत, रडायला वेळ नाही."

घरी जेवण झाल्यावर मी बायकोसमोर वर्तमानपत्र ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. काय शोधतोय ते मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने प्रत्येक अनुस्वार जपून म्हटला असता.

"अहो, डोळे गेलेत का तुमचे?"

"तू वाच. मी ऐकतो."

"सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली आणि वाचायला लागली.

मी कागदावर रकाने आखले. 'चिंच', 'संध्याकाळ', 'थंड' यांत जीभ दातांकडे किंवा टाळूकडे जाऊन न नाही तर ण लागतो. 'आंबा', 'खांब' यांत ओठ मिटून म. 'रंग', 'पंखा' यांत घशाकडे. 'केलं', 'घरं' यांत काहीच नाही. एका तासात शंभर टिंबं झाली, आणि अठ्ठ्याण्णव या चार रकान्यांत बसली. उरली दोन, त्यांना पाचवा रकाना. बातमीत 'कमाल तापमान चौतीस अंश' आणि अग्रलेखात 'संयम'. 'अंश' म्हणताना बायकोचे ओठ गोल व्हायला निघाले, पण मिटले नाहीत, आणि आवाज नाकातून गेला: औंश. 'संयम'मध्ये तसंच, फक्त वळण य कडे: सैंयम.

एवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. बायको उभ्या उभ्या ऐकत होती आणि म्हणत होती, "हं... हं... हं." तोंड उघडं, जीभ स्वस्थ, सगळा आवाज नाकातून. मी सहावा रकाना आखला.

"माझं बोलणं लिहून घेताय?" फोनवर हात ठेवून तिने विचारलं.

"फक्त हं."

"ते तरी लिहा. तुम्ही कधी म्हणत नाही."

सोमवारी संध्याकाळी मी कागद बाईंसमोर ठेवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, "अंश म्हण. पुन्हा. आता श म्हणू नकोस, त्याच्या आधी थांब. आता सुरुवातीला न लाव."

मुलीने लावला. não झालं. तिला स्वतःलाच ऐकू आलं, कारण ती एकदम हसली. मग pão, म्हणजे पाव. मग 'संयम'मधला य येईपर्यंत जाऊन थांबायचं आणि स च्या जागी म लावायचा: mãe, आई. 'हं'मधला ह काढून त्या जागी ल: lã, लोकर. sim साठी बाईंनी 'सिंह' म्हणायला लावलं आणि ह च्या आधीच तोडलं.

"आणि ओठ मिटले तर?" मुलीने विचारलं.

"दोन ओठांमध्ये करंगळी आडवी धर," बाई म्हणाल्या. "sim म्हणताना ओठांनी ती दाबली तर चुकलं. नाक चालतंय का बघायचं तर चिमटीत धर. आवाज बदलला, तर नाक कामावर आहे."

मधल्या अनुस्वारांची तिला भीती नव्हती. campo म्हणजे शेत, cinco म्हणजे पाच, हे तिचे आधीपासून बरे होते. बाई म्हणाल्या, तिथे मराठी तोंड आपोआप योग्य जागी जातं. लिहिताना मात्र ती canpo लिहायची. मी माझ्या तक्त्यातले 'आंबा' आणि 'खांब' दाखवले. ब आणि पच्या आधी आपले ओठ मिटतातच. आपण सगळ्याला एक टिंब देऊन मोकळे होतो, पोर्तुगीज माणूस तिथे m लिहितो: campo, bomba. बाकी व्यंजनांच्या आधी n: cinco, onze. शब्दाच्या शेवटी पुन्हा बहुतेक m: bom, sim, um. आणि ã, õ वरची लाट म्हणजे त्यांनी दिलेली नाकाची वेगळी खूण.

"एवढं मी तीन महिन्यांत चार वेळा सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"हो बाई, पण आंब्यावरून नव्हतं सांगितलं," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन चहा टाकला.

मंगळवार-बुधवार मुलगी सकाळ-संध्याकाळ बाईंकडे होती. मीही सराव केला. स्कूटरवर हेल्मेटच्या आत não म्हणण्याची सोय उत्तम आहे. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मात्र "काका, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. घरी करंगळी ओठांत धरून बाल्कनीत उभा राहिलो, तर बायकोने आतून पडदा ओढून घेतला.

गुरुवारी साडेसात वाजून गेले तरी फोन आला नाही. मुलाखत सात ते साडेसात होती. आठ झाले. साडेआठ. माझ्या वहीमुळे कुणाची बॅग भरली जाणार असेल तर पुढे काय, याचा मी विचार करत होतो. बायकोने दोनदा पान वाढू का विचारलं आणि तिसऱ्यांदा न विचारताच वाढलं.

फोन शुक्रवारी दुपारी ऑफिसात आला.

"काका, झालं!"

"काय झालं? नीट सांग."

"काम मिळालं ना! ती बाई 'पुन्हा सांगा' फक्त दोनदा म्हणाली, अन् त्यातही एकदा माझं नेट गेलं होतं."

म्हणजे खरं तर एकदाच. मी तिला दुरुस्ती सांगितली. ती म्हणाली, "तुम्ही नाही सुधारणार काका."

रविवारी तिची खुर्ची रिकामी होती. ब्राझीलच्या वेळेप्रमाणे तिचं काम पहाटेपर्यंत चालायचं आणि शनिवार-रविवार ती झोपणार होती. बाईंनी मला तिच्या जागी, समोर बसवलं. वही जप्त केली नाही. फक्त मधला रकाना माझ्याकडूनच लाल शाईने खोडून घेतला, दोनशे बाराच्या दोनशे बारा ओळींत. तिला दिलेल्या झेरॉक्सचं तिने काय केलं, ते मी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी संध्याकाळी कामावर निघताना तिचा फोन आला. कंपनीच्या गाडीचा आवाज मागे येत होता.

"काका, अनेकवचनं राहिली ना माझी. मी नव्हती तेव्हा बाईंनी शिकवली म्हणे. ते ão वाले सगळे सारखेच होतात का?"

"नाही. तीन तऱ्हा आहेत. mão, हात, त्याचं mãos; pão चं pães; avião, विमान, त्याचं aviões. कुठला शब्द कुठल्या तऱ्हेचा, ते बहुतेक लक्षातच ठेवावं लागतं."

"थांबा, थांबा, पेन काढते."

"पेन नको," मी म्हटलं. "आधी ऐक. मी एकेक म्हणतो, माझ्यामागून म्हण. लिहायचं नंतर."

ती गाडीत बसली असावी, कारण आवाज बंद दाराआडचा झाला. मी कागद बाजूला सारून तोंड नीट उघडलं, ओठ मिटत नाहीत ना ते पाहिलं, आणि पहिला शब्द म्हटला.